पासबुकातला पैसा वाढतो कसा?



समजा, कांद्याच्या पट्टीचे 10,000 रुपये तुम्ही बँकेत ठेवले. हिशेबापुरते धरू, की बँक त्यातला दहावा हिस्सा राखून ठेवते आणि 9,000 रुपये शेजाऱ्याला बैलासाठी कर्जाऊ देते. बैल विकणारा ते 9,000 आपल्या खात्यात भरतो. आता दोघांच्या पासबुकांत मिळून 19,000 रुपये झाले. नोटा मात्र 10,000 च्याच! पुढे त्या 9,000 मधून 8,100 रुपये कर्जाने जातात आणि पुन्हा जमा होतात. असे फेरे चालत राहिले, तर ठेवी जास्तीत जास्त 1 लाखापर्यंत जातात.

प्रत्यक्षात एवढे होत नाही. कोणी रोकड घरीच ठेवली किंवा कर्ज घेणारा मिळाला नाही, की साखळी तुटते. कर्ज फेडले, की तेवढा पैसा पुन्हा आटतो.

मात्र सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागू लागले, तर चांगली बँकही अडचणीत येते. म्हणून बँकेतील ठेवींना विमा असतो. 2020 साली त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह 5 लाख रुपये झाली. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा नाही, हे ध्यानात ठेवा.