घर पाहून गेलेले गिऱ्हाईक गप्प का होते?

पुण्यात कोंढव्यातला आमचा जुना फ्लॅट आम्ही ४८ लाखांना विकायला काढला होता. नव्या घराचा बयाणा देऊन झाला होता आणि उरलेली रक्कम तीन महिन्यांत भरायची होती. पहिले गिऱ्हाईक आले, चहा घेतला, “घर छान आहे, कळवतो” म्हणाले आणि गप्प झाले. आम्ही दुसऱ्या दिवसापासून रोज फोन करू लागलो, “काय ठरले?” चौथ्या दिवशी त्यांनी फोन उचलणे बंद केले. घाबरून आम्ही दीड लाख कमी करतो असा मेसेज पाठवला. त्यालाही उत्तर आले नाही. आज वाटते, त्या मेसेजने एवढेच सांगितले की थांबलात तर भाव आणखी उतरेल.

गप्प बसणे म्हणजे नकारच, असे आम्ही धरून चाललो होतो. मग एकदा गिऱ्हाइकाच्या बाजूने हिशेब मांडला. ४८ लाखांच्या घराला बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ३८ लाख ४० हजार देते. बँकेने घराची किंमत कमी धरली, तर त्याहूनही कमी. उरलेले ९ लाख ६० हजार, पुण्यातली ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ३ लाख ३६ हजार आणि नोंदणीचे ३० हजार हे घरातूनच उभे करावे लागतात. झाले सव्वातेरा लाख! कर्ज नकोच म्हणणाऱ्या कुटुंबाला तर सगळीच रक्कम जमवायची असते. कुणी दागिने मोजतो, कुणी गावच्या जमिनीचे बघतो, कुणी भावाला विचारतो. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि “पैसे जुळत नाहीत” हे परक्याला सांगायला कुणाला आवडते?

नंतर एका रविवारी एक शिक्षक पती-पत्नी आले. बाईंनी स्वयंपाकघराची मापे घेतली, पाणी किती वेळ येते आणि सोसायटीची थकबाकी आहे का, हे विचारले. नुसती स्तुती करून जाणारा बहुधा परत येत नाही. जो उणिवा आणि कागदपत्रे विचारतो, तो मनात त्या घरात राहून पाहत असतो. अशांची वाट पाहण्यात अर्थ आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही मेसेज केला: “सलाम. आज आलात, बरे वाटले. तुम्ही विचारले होते ते सांगतो. पाणी सकाळी दोन तास येते, थकबाकी नाही, सोसायटीचा दाखला मिळेल. इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स हवी असल्यास पाठवतो.” त्यात “काय ठरले?” हा प्रश्न नव्हता.

तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर, जेवणाच्या आधी, एकच फोन केला आणि उत्तर द्यायला सोपे जाईल असे विचारले: “भाईसाहेब, घरात आणखी कुणाला दाखवायचे राहिले आहे का?” ते म्हणाले, “अम्मींना दाखवायचे आहे, पण त्या महिनाअखेरीस गावाहून येतील.” नकार नव्हताच. आम्ही म्हणालो, “सावकाश आणा, आधी एक फोन करा.” मग आठवडाभर आम्ही गप्प राहिलो. ते कठीण गेले.

दहाव्या दिवशी पुन्हा मेसेज केला, कारण सांगण्यासारखे नवे काही होते. घर फक्त बाईंच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, म्हणजे त्यांचे ४८ हजार वाचत होते. “वकिलाला विचारून घ्या” असेही लिहिले. त्या रात्री बाईंचाच फोन आला.

दरम्यान आणखी एक गिऱ्हाईक तीन आठवडे गप्प होते. त्यांना शेवटचे लिहिले: “या रविवारपासून इतरांना पुन्हा घर दाखवतो आहोत. तुमचा विचार बदलला असेल तर तसे सांगा, काहीच गैर नाही.” “दुसरे गिऱ्हाईक बयाणा घेऊन उभे आहे” असे खोटे लिहायचा मोह झाला होता. तो टाळला, कारण ते गिऱ्हाईक “मग त्यांनाच द्या” म्हणाले असते तर आमच्याकडे बोलायला तोंड उरले नसते. उत्तर आले, “आम्ही लिफ्टवाले घर घेतले.” त्यांचा नंबर आम्ही वहीतून खोडला.

महिनाअखेरीस अम्मी आल्या. खिडकीतला उजेड पाहिला, जिने चढून दमल्या, तरी “ठीक आहे” म्हणाल्या. मग समोरासमोर बसून भाव ठरला, ४७ लाख २५ हजार. पहिल्या वेळी घाबरून आम्ही त्याहून जास्त सोडायला निघालो होतो.