बळाचा वापर आणि सुरक्षा परिषदेची परवानगी : इराक युद्धाने मागे ठेवलेला प्रश्न

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद १९४५ साली अंमलात आली, तेव्हापासून एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर करणे, इतकेच नव्हे तर तशी धमकी देणे, हेही सनदेच्या कलम २(४) नुसार निषिद्ध आहे. या निषेधाला सनदेने दोनच अपवाद मान्य केले आहेत. पहिला अपवाद कलम ५१ मधील स्वसंरक्षणाचा. सशस्त्र हल्ला झाल्यास राष्ट्राला एकट्याने अथवा मित्रराष्ट्रांसह प्रतिकार करता येतो. मात्र केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला तात्काळ कळवावी लागते. दुसरा अपवाद सामूहिक सुरक्षेचा, म्हणजे सनदेच्या सातव्या प्रकरणानुसार सुरक्षा परिषदेने स्वतः ठरवलेल्या कारवाईचा. स्वसंरक्षणाच्या मर्यादांविषयी बरीच चर्चा होत असते. दुसऱ्या अपवादातील एक अडचण मात्र तुलनेने दुर्लक्षित राहते. ती अडचण अशी की, परिषदेने एकदा दिलेली परवानगी केव्हा संपते आणि ती संपली किंवा नाही, हे कोणी ठरवायचे?

सनदेच्या रचनाकारांच्या मनात वेगळीच व्यवस्था होती. सदस्य राष्ट्रांनी कलम ४३ खाली करार करून आपल्या फौजा परिषदेच्या हवाली कराव्यात आणि परिषदेने त्या वापराव्यात, अशी ती योजना होती. शीतयुद्धामुळे असा एकही करार झाला नाही. परिषदेपाशी स्वतःचे सैन्य नसल्याने पुढे दुसराच मार्ग रूढ झाला. परिषद ठरावाद्वारे इच्छुक राष्ट्रांना 'आवश्यक ती सर्व साधने' वापरण्याची मुभा देते आणि युद्ध ती राष्ट्रे आपल्या सेनापतींच्या हुकुमाखाली लढतात. अशा व्यवस्थेत ठरावातील प्रत्येक शब्दाला मोल येते.

इराकचे उदाहरण या दृष्टीने तपशीलाने पाहण्यासारखे आहे. इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतचा घास घेतला. परिषदेने २९ नोव्हेंबर १९९० रोजी ठराव क्रमांक ६७८ संमत केला. बारा राष्ट्रांनी बाजूने मत दिले, क्यूबा व येमेन यांनी विरोध केला आणि चीन तटस्थ राहिला. १५ जानेवारी १९९१ पर्यंत इराकने माघार न घेतल्यास कुवेतला सहकार्य करणाऱ्या राष्ट्रांनी आधीच्या ठरावांची अंमलबजावणी करण्यासाठी आणि त्या भागात शांतता व सुरक्षितता प्रस्थापित करण्यासाठी आवश्यक ती सर्व साधने वापरावीत, असे त्यात म्हटले होते. कारवाई सुरू करण्याची तारीख ठरावात होती. ती थांबवण्याची तारीख मात्र नव्हती.

कुवेत मुक्त झाल्यावर ३ एप्रिल १९९१ रोजी ठराव ६८७ आला. भारत त्यावेळी परिषदेचा सदस्य होता आणि त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले. या ठरावाने औपचारिक युद्धविराम लागू झाला आणि इराकवर रासायनिक, जैविक व अण्वस्त्रे नष्ट करण्याचे बंधन आले. अंमलबजावणीसाठी पुढील आवश्यक पावले परिषद उचलेल, असेही त्यात नमूद होते. पुढील वादाचे मूळ नेमके येथे आहे. इराकने अटी मोडल्यास जुनी परवानगी आपोआप जिवंत होते, की त्यासाठी परिषदेने पुन्हा निर्णय घ्यावा लागतो? अमेरिका व ब्रिटन यांनी पहिले मत धरले आणि त्याच आधारावर १९९८ च्या डिसेंबरमध्ये इराकवर हवाई हल्ले केले. रशिया व चीन यांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला.

परिषदेने ८ नोव्हेंबर २००२ रोजी पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केलेला ठराव १४४१ हा या मतभेदावर पांघरूण घालणारा होता. इराकने अटींचा गंभीर भंग केला असल्याचे त्याने जाहीर केले, शेवटची संधी दिली आणि 'गंभीर परिणामां'चा इशारा दिला. 'आवश्यक ती सर्व साधने' हे शब्द मात्र त्यात नव्हते. पुन्हा भंग झाल्यास परिषद तात्काळ बैठक घेऊन परिस्थितीचा 'विचार' करील, असे शब्द होते. परिषद 'निर्णय' घेईल, असे नव्हते. या एका क्रियापदावर पुढचा सारा युक्तिवाद उभा राहिला. विचार झाला की अट पूर्ण झाली, असे एका पक्षाचे म्हणणे. निर्णय घ्यायचा नसेल तर परिषदेने जमायचे कशासाठी, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न. ठरावात युद्धाची छुपी कळ नाही, असे अमेरिकेच्या प्रतिनिधीने मतदानाच्या दिवशीच परिषदेत सांगितले होते.

ब्रिटिश सरकारचे कायदेविषयक सल्लागार लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ च्या गोपनीय टिपणात दोन्ही बाजू मांडल्या होत्या. जुनी परवानगी जिवंत होते असे म्हणण्यास आधार आहे, परंतु नवा ठराव मिळवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरेल, असे त्यांचे मत होते. दहा दिवसांनी संसदेपुढे आलेल्या त्यांच्या लहानशा उत्तरात ही साशंकता उरली नव्हती. त्याच दिवशी, पुरेशी मते मिळत नाहीत असे पाहून, नव्या ठरावाचा मसुदा मागे घेण्यात आला आणि २० मार्च रोजी युद्धास तोंड फुटले. ब्रिटनने स्वसंरक्षणाचा आधार घेतलाच नव्हता. त्याचा संपूर्ण दावा बारा वर्षांपूर्वीच्या ठराव ६७८ वर होता. पुढे ज्या शस्त्रसाठ्यांसाठी हे सारे घडले, ते साठे इराकमध्ये सापडले नाहीत. २००४ साली सरचिटणीस कोफी अन्नान यांनी हे युद्ध सनदेशी सुसंगत नसल्याचे व बेकायदा असल्याचे स्पष्ट केले.

भारताची भूमिकाही याच सूत्राभोवती होती. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने युद्धाचा निषेध करणारा ठराव संमत केला. त्यानंतर इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती १४ जुलै २००३ रोजी सरकारने अमान्य केली. संयुक्त राष्ट्रांचा सुस्पष्ट आदेश असल्यास विचार करता येईल, असे त्यावेळी सांगण्यात आले. मे महिन्यातील ठराव १४८३ ने अमेरिका व ब्रिटन यांची कब्जेदार सत्ता म्हणून नोंद घेतली होती; पण झालेल्या युद्धाला त्याने मागाहून परवानगी दिलेली नव्हती. भारताने हा फरक ओळखला होता.

मुदत नसलेल्या परवानगीत आणखी एक धोका दडलेला असतो. ती देण्यासाठी पाचही कायम सदस्यांची किमान मूक संमती लागते. परंतु एकदा दिलेली परवानगी काढून घेण्यासाठीही नवा ठराव लागतो आणि त्यावर एकटा कायम सदस्य नकाराधिकार वापरू शकतो. म्हणजे कारवाई करणाऱ्या राष्ट्रालाच ती थांबवण्याचा ठराव अडवता येतो. यावरचा उपाय परिषदेला ठाऊक आहे. बोस्नियातील फौजेला १९९५ साली परवानगी मिळाली ती सुमारे एका वर्षासाठीच, आणि तेथील पुढील फौजांच्या परवानगीलाही वर्षावर्षाने मुदतवाढ द्यावी लागली. तेथे मौन राहिल्यास परवानगी संपते. इराकच्या बाबतीत मौन राहिल्याने ती चालू असल्याचा दावा करता आला.

तरीही हा धडा सर्वत्र पाळला गेला नाही. १७ मार्च २०११ रोजी लीबियाविषयीच्या ठराव १९७३ ने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाची परवानगी दिली. भारतासह पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. परदेशी कब्जेदार सैन्याला त्यात मनाई होती, पण अंतिम मुदत नव्हती आणि संरक्षणाची व्याप्ती कोठे संपते हेही स्पष्ट नव्हते. कारवाई गद्दाफी राजवटीच्या पाडावापर्यंत गेली. त्यानंतर सीरियाच्या प्रश्नावर रशिया व चीन यांनी वारंवार नकाराधिकार वापरला, तेव्हा लीबियाचा दाखला पुढे करण्यात आला. संदिग्ध ठरावाने एकदा मतैक्य साधता येते. परंतु त्याचा अर्थ ताणला गेला, की पुढच्या संकटात आवश्यक असलेली परवानगीही मिळेनाशी होते. त्यामुळे बळाच्या वापराचा कोणताही नवा ठराव परिषदेपुढे आल्यास त्यात तीन गोष्टी शोधाव्या लागतात : उद्दिष्ट कोणते, मुदत किती, आणि अटी मोडल्या गेल्या हे ठरवण्याचा अधिकार परिषदेने स्वतःकडे ठेवला आहे की राष्ट्रांवर सोडला आहे.