गुरुवारपेक्षा शुक्रवार सांभाळा

पुण्यात महापालिकेला जलकेंद्रांत किंवा मोठ्या जलवाहिन्यांवर दुरुस्ती करायची असली की ती बहुधा गुरुवारी ठेवतात. पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे अशी भागांची यादी वर्तमानपत्रात येते आणि खाली ठरलेलं वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. महावितरणचीही देखभालीची कामं शहरात गुरुवारीच होतात, तेव्हा आपल्या भागातली वीजही त्याच दिवशी काही तास जाऊ शकते. आपण सगळे गुरुवारच्या तयारीला लागतो, पातेली-कळश्या भरतो आणि त्या खालच्या वाक्याकडे नीट पाहत नाही. माझं सांगणं त्या वाक्याबद्दल आहे.

दिवसभर पाणी बंद असतं तेव्हा जलवाहिन्या रिकाम्या होतात, उंचावरच्या टाक्याही उतरतात. रात्री काम संपलं तरी आधी या टाक्या भराव्या लागतात, मग नळ्या भरतात आणि त्यात शिरलेली हवा बाहेर पडावी लागते. हे होईपर्यंत टेकडीवरच्या आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना पाणी पोचत नाही. त्यामुळे नेहमीची वेळ सकाळी ६ ते ८ असली, तर शुक्रवारी त्या दोन तासांत नुसती करंगळीएवढी धार मिळेल, असं धरूनच चाला. म्हणजे तयारी गुरुवारच्या एका दिवसाची नव्हे, बुधवारी सकाळी ८ पासून शुक्रवारच्या दुपारपर्यंतची हवी.

आता हिशेब करू. चार माणसांचं घर आहे, खाली १००० लिटरचा हौद, गच्चीवर ५०० लिटरची टाकी. बादलीने आंघोळ केली तर चौघांना साधारण ७० लिटर लागतात. भांड्यांना ४०, पिणं-स्वयंपाक २०, फरशीला १५. संडासाच्या टाकीतून दर वेळी १० लिटर जातात. दिवसात अठरा वेळा ओढली की १८०. एकूण सव्वातीनशे लिटर झाले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त संडासात. पिण्याच्या पाण्याची काटकसर करून फार काही हाती लागत नाही. वाचवायचं ते संडासात.

बुधवारी ८ वाजता हौद आणि टाकी दोन्ही भरलेली असली, तर १५०० लिटर हाताशी आहेत. बुधवारचा उरलेला दिवस, गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ मिळून सात-आठशे लिटर जातील. पाणी पुरतं आणि उरतंही. तरी अशा घरांतले नळ गुरुवारी दुपारी कोरडे पडतात, कारण पाणी हौदात असतं आणि ते वर चढवायला वीज नसते.

म्हणून गुरुवारची सकाळ अशी लावा. वीज १० ला जाणार असेल तर आंघोळी, भांडी, वाटणघाटण सगळं ९ च्या आत उरका. या कामांत टाकीतलं दीडशे लिटर पाणी गेलेलं असेल. *त्यानंतर* मोटर लावा. बहुतेक घरी उठल्याउठल्या मोटर लावून टाकी भरतात, मग आंघोळी होतात आणि वीज जाते तेव्हा टाकी भरलेली नसते. आधी वापरा, मग भरा. आपली मोटर ती टाकी किती मिनिटांत भरते हे एकदा घड्याळ लावून पाहून ठेवा, म्हणजे शेवटच्या क्षणी धावपळ नको.

वीज गेली की मोटरचं बटण बंद आहे ना ते बघा. ते चालूच राहिलं आणि दुपारी घरात कोणी नसताना वीज आली, तर वरची टाकी भरून वाहते, किंवा हौद संपून मोटर कोरडी फिरते आणि जळते. नळांचंही तसंच. पाणी आलं का म्हणून तोटी फिरवतो आणि उघडीच विसरतो. मोटर फिरते पण पाणी चढत नाही असं झालं, तर तिच्या नळीतलं पाणी उतरून हवा शिरलेली असू शकते. ती बंद करून वरून पाणी ओता, नुसती चालू ठेवून वाट पाहू नका.

कपडे बुधवारी सकाळी, नळाला पाणी चालू असतानाच धुवा. बुधवारी संध्याकाळी धुतले तर दोनशे लिटर साठ्यातून जातात आणि ते परत भरायला नळ नसतो. यंत्राचं शेवटच्या खळबळीचं पाणी तीन-चार बादल्यांत धरून संडासात ठेवा; गुरुवारी टाकी न ओढता त्यातलंच अर्धी-अर्धी बादली ओता. गुरुवार-शुक्रवार कपड्यांना सुट्टी.

पिण्याचं पाणी बुधवारीच भरून ठेवा. विजेवरचा शुद्धीकरण संच गुरुवारी बंद असेल आणि त्याच्या पोटात फक्त सात-आठ लिटर मावतात. फ्रीज न उघडता चारेक तास गार राहतो. वीज त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर दूध आधीच तापवून घ्या आणि उरलेली भाजी सकाळीच संपवा.

शुक्रवारी नळाला प्रथम हवा फुसफुसेल, मग गढूळ पाणी येईल. रिकाम्या नळीला फटी असतील तर बाहेरची घाणही आत ओढली जाते, म्हणून हे पाणी हौदात सोडू नका. बादल्यांत धरून संडासाला वापरा, स्वच्छ धार आल्यावरच हौदाची तोटी उघडा. शुद्धीकरण संचालाही गढूळ पाणी देऊ नका, त्याची गाळणी भरून जाते. प्यायचं पाणी त्या दिवशी गाळून खळखळून उकळा. धार बारीक आहे म्हणून नळालाच मोटर जोडणारे आहेत. तो गुन्हा तर आहेच, पण त्या ओढीने शेजाऱ्याचं पाणी तुटतं आणि फटींतली घाण आधी आपल्याच हौदात येते.

आणि ताजं पाणी आलं म्हणून बुधवारचं "शिळं" पाणी मोरीत ओतू नका. झाकलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी दोन दिवसांत बिघडत नाही. मन घेत नसेल तर भांड्यांना वापरा. फक्त पिंपं उघडी नकोत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

वीज कधी जाणार हे महावितरण मोबाइलवर कळवतं, पण नंबर नोंदवलेला असेल तरच. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन `MREG <ग्राहक क्रमांक>` असा संदेश 9930399303 वर पाठवा. भाड्याच्या घरात हे संदेश बहुधा मालकाकडे जातात, तेव्हा त्यांना विचारून आपला नंबर घाला. सोसायटीत जनित्र असेल तर त्यावर पाण्याचा पंप आहे की फक्त लिफ्ट, हे आजच विचारून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही तर आधी शेजारी विचारा. गल्लीत कुणालाच नसेल तर वाहिनीत हवा अडकलेली असू शकते किंवा झडप उघडायची राहिलेली असते. क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाला गल्लीचं नाव सांगून कळवा. शेजाऱ्यांना आहे आणि फक्त आपल्याला नाही, तर आपल्या जोडाच्या नळीत गाळ अडकला असेल. तिथे प्लंबर लागेल.