ऊसतोडीची 'उचल' आणि करार क्रमांक 29: सक्तीची मजुरी तपासतं कोण?

गळीत हंगाम सुरू झाला की पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या ऊसपट्ट्यात तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. फडावर येण्याआधीच अनेक जोडप्यांनी मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', घेतलेली असते. मग ही सक्तीची मजुरी ठरते का?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) 1930 च्या करार क्रमांक 29 मध्ये याची कसोटी आहे. शिक्षेची धमकी देऊन, माणसाच्या मर्जीविरुद्ध करून घेतलेलं काम म्हणजे सक्तीची मजुरी.

समजा, एका जोडप्याने एक लाख उचल घेतली आणि हंगामाअखेर वीस हजार फिटायचे राहिले. ते गावी जाऊन, दुसरं काम करून पैसे फेडू शकत असतील, तर ते साधं कर्ज. पण "पैसे फिटेपर्यंत हलायचं नाही" म्हणून धमकावलं किंवा घरातल्या कुणाला अडकवून ठेवलं, तर ती सक्ती. कामाला आले तेव्हा मजूर राजीखुशीने आले असले, तरी हे बदलत नाही.

भारताने हा करार 1954 मध्ये मंजूर केला. पण वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा आला 1976 मध्ये, म्हणजे 22 वर्षांनी. या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्द होतं. मजुराची सुटका आणि पुनर्वसन ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी असते, त्यांच्या मदतीला जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात.

मग जिनिव्हाचा संबंध कुठे येतो?

मंजूर केलेल्या मूलभूत करारांवर सरकारला साधारण दर तीन वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. त्याची प्रत देशातल्या प्रमुख कामगार आणि मालक संघटनांनाही द्यावी लागते, त्यांना त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं. मग 20 स्वतंत्र तज्ज्ञांची समिती हे सगळं तपासते. मजूर किती सुटले, गुन्हे किती दाखल झाले, शिक्षा किती झाल्या, असे प्रश्न ती सरकारला विचारते. निवडक गंभीर प्रकरणं जूनमधल्या वार्षिक परिषदेत निघतात आणि तिथे सरकारी प्रतिनिधीला सर्वांसमोर उत्तर द्यावं लागतं.

मात्र आयएलओ हे कोर्ट नाही. ती दंड करत नाही आणि फडावर छापाही टाकत नाही. एकट्या मजुराला तिथे तक्रारही करता येत नाही, ती कामगार संघटनेमार्फतच जाते.

खरी अडचण सुरुवातीलाच आहे. उचल बहुतेकदा तोंडी ठरते आणि हिशोब मुकादमाच्या वहीत राहतो. फडावर अडवलेल्या जोडप्याची तक्रार तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात नोंदलीच गेली नाही, तर ती सरकारी आकड्यात येत नाही. आणि संघटनेनेही ती मांडली नाही, तर जिनिव्हातल्या तज्ज्ञांना त्या फडाबद्दल विचारायला काही आधारच उरत नाही.