संत्र्याच्या सालींचे बायो-एन्झाइम : काय साफ होते, काय बिघडते

नागपूरची संत्री भिलाईच्या बाजारात येऊ लागली की घरोघरी सालींचा ढीग साठतो. पूर्वी या साली वाळवून उटण्यात घालत. आता अनेक गृहिणी त्या गुळाच्या पाण्यात आंबवून ‘बायो-एन्झाइम’ बनवतात. फरशी, नळ, संडास, सारे काही त्याने स्वच्छ होते, असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

कसे बनवावे

प्रमाण सोपे आहे : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ आणि 300 ग्रॅम साली. आठ-दहा संत्र्यांच्या साली पुरतात. काळा, स्वस्त गूळही चालतो. साली लिंबू-मोसंबीच्याही चालतील, पण त्या ताज्या असाव्यात.

हे सारे दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावे, म्हणजे वर जागा उरते. काचेची बाटली मुळीच घेऊ नये. गूळ आंबताना वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने काच फुटू शकते. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडावा आणि साली खाली दाबाव्यात. बाटली सावलीत ठेवावी. डिसेंबरमध्ये घातलेले मिश्रण मार्चमध्ये, सुमारे 90 दिवसांनी, गाळण्याजोगे होते.

वर पांढरी पातळ साय आली तर घाबरू नये, ढवळून टाकावी. मात्र हिरवी-काळी लवदार बुरशी धरली किंवा कुजकट वास आला, तर ते फेकून द्यावे. पाण्याबाहेर राहिलेल्या सालींवरच बुरशी आधी धरते. तयार द्रवाला आंबट, शिरक्यासारखा वास येतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास तो फसफसतो. वास अजून गोडसर असेल तर गूळ उरला आहे असे समजावे. असे पाणी फरशीवर फिरवले तर ती चिकट होते आणि मुंग्या येतात.

काम कोण करते?

नाव एन्झाइमचे असले तरी खरे काम आम्लाचे असते. आधी यीस्ट गुळाचे अल्कोहोल करते, मग जिवाणू त्याचा शिरका करतात. सालींतले सायट्रिक आम्लही त्यात उतरते. म्हणजे हा सुवासिक, सौम्य शिरकाच होय.

दुर्ग जिल्ह्याच्या जमिनीत चुनखडीचा खडक आहे. नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी वर्षानुवर्षे चुनखडी काढली गेली ती त्यामुळेच. अशा भागातले बोअरचे पाणी जड असते आणि नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला पांढरी खपली बसवते. ही खपली चुन्याचीच असते आणि आम्लात ती विरघळते. न मिसळलेल्या द्रवात फडके भिजवून तोटीला अर्धा तास गुंडाळावे, मग घासून पाण्याने धुवावे. थर जाड असेल तर दोन-तीनदा करावे लागते. बाजारच्या तीव्र ॲसिडइतके ते झटपट नाही, पण नाकातोंडाला तितके झोंबतही नाही.

हेच आम्ल दगडाचे नुकसान करते. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे चुन्याचेच दगड आहेत. त्यांवर हा द्रव सांडला तर चकाकी जाते आणि पुसट डाग राहतो. तो पुसून जात नाही, दगडाला पुन्हा पॉलिशच करावे लागते. स्वयंपाकाचा ओटा असा असेल तर तेथे साबणाचे पाणीच बरे. सिरॅमिक टाइल्सवर मात्र अर्ध्या बादली पाण्यात दोन चमचे घालून पुसायला हरकत नाही.

गैरसमज सोडा

‘याने सारे जंतू मरतात’ हा मोठा गैरसमज आहे. घरात जुलाब-उलटीचा रुग्ण असेल तर यावर विसंबू नये. जागा साबणाने धुवून मग ब्लीचचे पाणी वापरावे. पण ब्लीच आणि हा द्रव कधीही एकत्र करू नयेत. आम्लामुळे ब्लीचमधून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सोडा मिसळल्याने शक्ती वाढते हेही खरे नाही. फेस भरपूर येतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. बाटलीतून ओझोन निघत नाही, तो कार्बन डायऑक्साइड असतो. तळ्यात ओतल्याने तळेही शुद्ध होत नाही. उलट उरलेली साखर आणि आम्ले कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो.

तेलकट कढईला साबण, रुग्णाच्या खोलीला ब्लीच आणि नळावरच्या खपलीला सालींचे हे आंबट पाणी. ज्याचे काम त्यालाच द्यावे.