सावित्रीकाठून : टोपली कुठे टेकवायची?

पावसाळ्यात उमरठहून टाकळा, कुर्डू, काकडी घेऊन एखादी मावशी पोलादपूर किंवा महाडला येते, तेव्हा एसटीतून उतरलेलं गिऱ्हाईक जिथून घराकडे वळतं तिथेच ती टोपली टेकवते. बाजार गावाबाहेरच्या मोकळ्या, ऐसपैस जागेत नेला, तर भाजी दुपारी कोमेजते आणि चार दिवसांत मावशी पुन्हा जुन्या कोपऱ्यावर येते. बाजार हलवण्याच्या बोलण्यांत विक्रेत्यांची संघटना आणि मुख्याधिकारी चौरस फुटांवर घासाघीस करतात. गिऱ्हाइकाच्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही.

2014च्या पथविक्रेता कायद्यात संघटनेच्या हाती बरंच काही आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. त्यानंतरही प्रमाणपत्रातली जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस लागते. दुसऱ्या परिशिष्टात तर स्पष्टच म्हटलंय, की स्थलांतर शक्यतो टाळावं. करावंच लागलं तर आखणीत विक्रेत्यांना घ्यावं, आणि नव्या जागी त्यांची कमाई निदान पूर्वीइतकी राहावी. म्हणून बैठकीला जाताना निवेदनापेक्षा रोजच्या विक्रीची वही न्यावी. आधीची कमाईच कागदावर नसेल, तर ती घटली हे दाखवणार कसं?

हा सौदा ठरायचा नगर पथविक्रेता समितीत. तिचे निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानाने निवडलेले हवेत. वीस जणांच्या समितीत ते आठ होतात, आणि अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी. म्हणजे बहुमत नाहीच. पण मतदारयादी कशी होते यावर ते आठही अवलंबून. मुंबईचं पाहा. 2014च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले, पात्र ठरले 32,415, आणि निवडणुकीचं मतदान झालं थेट 29 ऑगस्ट 2024ला. मधली दहा वर्षं संघटनांची न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात गेली. यादीतून गळालेल्यांच्या वतीने समितीत बोलणार कोण?

आपल्याकडची गळती आणखी वेगळी. हा कायदा शहरांपुरता, म्हणजे नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांच्या हद्दीपुरता. उमरठच्या ग्रामपंचायतीला त्यात काम नाही. शिवाय प्रमाणपत्र घेताना ‘उपजीविकेचं दुसरं साधन नाही’ असं लिहून द्यावं लागतं. मावशीच्या नावावर चार गुंठे भात आहे. तिने खरं लिहिलं तर अर्जच अडतो, आणि खोटं तिने का लिहावं? हंगामापुरतं येणारीला सर्वेक्षणाच्या दिवशी गाठणंही कठीण. ते उन्हाळ्यात झालं, तर ती घरी असते.

तेव्हा संघटनेच्या पुढाऱ्यांनो, गाळ्यांचे नंबर मागण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घ्या : सर्वेक्षणाची एक फेरी श्रावणात, आणि हंगामी टोपलीवाल्यांसाठी एसटी थांब्याजवळ राखीव ओटा.