नकाराचा ई-मेल : पहिल्या ओळीतच उत्तर

मे महिना संपत आला की शाळांच्या नेमणुका सुरू होतात. बी.एड. झालेल्या आपल्या मुलींना कधी कधी दोन शाळांची पत्रे एकदम येतात. एक शाळा घराजवळची, दुसरी दूरची. घरात सल्लामसलत होते, जवळची शाळा पक्की होते आणि दूरच्या शाळेला नकार कळवायचा राहतो. हा नकार ई-मेलने कसा लिहावा, एवढाच विषय आम्ही आज घेतला आहे.

बहुतेक घरांत तो असा लिहिला जातो. विषयाच्या जागी ‘नियुक्तीबाबत’. मग मजकूर : “आदरणीय मुख्याध्यापक साहेब, अस्सलामु अलैकुम. आपण मला मुलाखतीस बोलावून जो मान दिलात त्याबद्दल मी आपली व संस्थेची मनापासून आभारी आहे...” पुढे शाळेची तारीफ, घरची परिस्थिती आणि शेवटी, “तरी सध्या जमेलसे वाटत नाही, इन्शाअल्लाह पुढे पाहू.”

आता मुख्याध्यापकांच्या बाजूने पाहू. ते हे पत्र मोबाईलवर पाहतात. पत्र न उघडता यादीत त्यांना तीनच गोष्टी दिसतात : पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द. इथे त्यांना दिसले ‘नियुक्तीबाबत’, सलाम आणि आभार. बाई येणार असे समजून ते पुढच्या कामाला लागतात. प्रतीक्षायादीतली दुसरी मुलगी घरी वाट पाहत राहते. शाळा उघडल्यावर वर्ग रिकामा आहे हे कळते, तोवर तिने दुसरीकडे नोकरी धरलेली असते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपले ‘नाही’ वाक्याच्या अगदी शेवटी येते आणि मोबाईलवर लांब विषयाचा शेवटच कापला जातो. ‘आपल्या शाळेतील गणित शिक्षिका पदाची नियुक्ती स्वीकारू शकत नाही’ असा विषय लिहिला, तर पडद्यावर ‘आपल्या शाळेतील गणित शिक्षिका पदाची...’ एवढेच उरते. म्हणून उत्तर पुढे आणावे, पदाचे नाव मागे न्यावे :

विषय : नियुक्ती स्वीकारत नाही – गणित शिक्षिका

नुसते ‘नकार’ लिहिले तर रूक्ष वाटते. वरच्या ओळीत उत्तर तेच आहे, पण अदब सुटत नाही.

पहिले वाक्यही याच रीतीने लिहावे :

“अस्सलामु अलैकुम सर, २८ मेच्या पत्रातील नियुक्ती मी स्वीकारत नाही, हे पद आपण दुसऱ्या उमेदवाराला द्यावे.”

सलाम दोन शब्दांचा, तो राहू द्यावा. लांबलचक आभार मात्र दुसऱ्या वाक्यात जाऊ द्यावेत. तिथे त्यांची किंमत कमी होत नाही. कारण एका ओळीत पुरते : “घराजवळच्या शाळेत मी रुजू होत आहे.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग विसरू नये. त्यामुळे मुख्याध्यापकांना परत फोन करून विचारावे लागत नाही; पद मोकळे झाले हे तिथेच कळते.

‘सध्या’, ‘बहुधा’, ‘जमेलसे वाटत नाही’ हे शब्द नकारात नकोत. ‘सध्या’ म्हटले की समोरचा महिन्याने पुन्हा विचारतो. ‘इन्शाअल्लाह’चेही तसेच. हा शब्द करायच्या इराद्यासाठी आहे. नकार झाकायला तो वापरला, तर ऐकणारा होकार समजतो आणि त्यात त्याची चूक नसते.

शाळेच्या ई-मेललाच उत्तर देत असाल, तर विषयात Re: नियुक्तीपत्र असे आपोआप येते. होकार असो वा नकार, ते सारखेच दिसते. जीमेलमध्ये संगणकावर उत्तराच्या चौकटीत, पत्त्याशेजारच्या बाणाजवळच्या लहान त्रिकोणावर दाबले की Edit subject मिळते. विषय बदलला की पत्र जुन्या साखळीतून सुटून वेगळे दिसते. म्हणूनच पहिल्या वाक्यात त्यांच्या पत्राची तारीख हवी.

ही रीत कामकाजाच्या पत्रांसाठी आहे. पत्राची सूचना बंद मोबाईलच्या पडद्यावरही दिसते आणि तो मोबाईल घरातल्या कुणाच्याही हाती असू शकतो. स्थळाला नकार द्यायचा असेल तर तो विषयात किंवा पहिल्या ओळीत उघडा पाडू नये. तिथे वडीलधाऱ्यांनी फोन करणेच बरे.

पाठवण्याआधी तेच पत्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहावे. न उघडता मोबाईल अम्मी किंवा धाकट्या भावासमोर धरून विचारावे, “हो की नाही?” त्यांना पत्र उघडावे लागले, तर विषय आणि पहिले वाक्य पुन्हा लिहावे.